गेम चुकीच्या कोअरवर का गेला? एका i7-12700K ची तपासणी

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याच्या डेस्कटॉपचे आहे. शिकता शिकता तो लग्नसमारंभांचे व्हिडिओ एडिट करून देतो आणि रात्री शहर उभारण्याचा एक सिम्युलेशन गेम खेळतो. त्याची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गेमचे नावही दिलेले नाही, कारण अशीच वागणूक बऱ्याच गेम-इंजिनांत दिसते.

त्याचा आधीचा संगणक चार कोअरचा होता आणि ते चारही कोअर सारखे होते. नव्या संगणकात इंटेलचा i7-12700K, ३२ जीबी रॅम, मध्यम दर्जाचे ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज ११ होते. गेमचा वेग किमान दुप्पट होईल अशी त्याची अपेक्षा होती. झाले उलटेच. जुन्या संगणकावर जे शहर बऱ्यापैकी चालत होते, ते नव्यावर अक्षरशः रांगू लागले.

या प्रोसेसरची रचना थोडी समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या बाराव्या पिढीपासून इंटेलने डेस्कटॉपच्या एकाच चिपवर दोन जातींचे कोअर बसवायला सुरुवात केली. 12700K मध्ये ८ परफॉर्मन्स कोअर आहेत. त्यांना सगळे P-कोअर म्हणतात. ते ५ गिगाहर्ट्झच्या जवळ जातात आणि प्रत्येक कोअर एका वेळी दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या कामाचे दोन स्वतंत्र धागे, चालवू शकतो. सोबत ४ एफिशियन्सी कोअर, म्हणजे E-कोअर आहेत. ते जास्तीत जास्त ३.८ गिगाहर्ट्झला जातात, प्रत्येक चक्रात P-कोअरपेक्षा कमी काम उरकतात, एका वेळी एकच थ्रेड चालवतात आणि चौघांत मिळून एकच L2 कॅश वापरतात. विंडोजला हे सगळे मिळून २० लॉजिकल प्रोसेसर दिसतात. ० ते १५ क्रमांक P-कोअरचे आणि १६ ते १९ क्रमांक E-कोअरचे.

कोणता थ्रेड कुठे चालवायचा हे विंडोजचा शेड्यूलर ठरवतो. त्याला मदत म्हणून चिपमध्येच थ्रेड डिरेक्टर नावाची यंत्रणा आहे. प्रत्येक थ्रेड कोणत्या प्रकारच्या सूचना चालवतो आहे हे ती पाहत राहते आणि हा P-कोअरवर जास्त फायद्यात राहील किंवा हा E-कोअरवरही चालेल, असे संकेत विंडोजला देते. विंडोज ११ हे संकेत वाचते. पण ही यंत्रणा थ्रेडच्या कामाचा प्रकार पाहते. गेमची पुढची फ्रेम नेमकी कोणत्या थ्रेडसाठी खोळंबली आहे, हे तिला माहीत नसते. या प्रकरणाचा दुसरा भाग याच गोष्टीवर उभा आहे.

अडचण

मोठे शहर लोड केल्यावर गेम सेकंदाला १३-१४ फ्रेम देत होता. ग्राफिक्स कार्ड जवळपास रिकामे होते, म्हणजे अडथळा प्रोसेसरकडे होता. पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापरही २० टक्क्यांच्या आसपासच दिसत होता, आणि शहरात काहीही चालू असले तरी आकडा तिथेच अडकलेला होता.

"दादा, प्रोसेसर ऐंशी टक्के मोकळा आहे, मग गेम अडतोय कशाला?" हा त्याचा पहिला प्रश्न होता, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. वीस लॉजिकल प्रोसेसरपैकी चार पूर्ण भरले की एकूण वापर वीस टक्क्यांच्या घरात दिसतो. सरासरीचा एकच आकडा पाहिला की हे लपून राहते.

टास्क मॅनेजरच्या Performance पानावर आलेखावर उजवी क्लिक करून Change graph to मधून Logical processors निवडले. वीस छोटे आलेख समोर आले. पहिले सोळा जवळजवळ सपाट होते आणि शेवटचे चार छतापर्यंत भरलेले. म्हणजे सगळा गेम चार E-कोअरवर कोंबला गेला होता.

पहिला निर्णय: शेड्यूलरला दोष द्यायचा का?

इथे बहुतेक जण थेट बायॉसमध्ये जाऊन E-कोअर बंद करतात. तोही तयारीत होता. मी थांबवले, कारण चित्र फारच स्वच्छ होते. शेड्यूलरचा अंदाज चुकतो तेव्हा चित्र विस्कळीत दिसते: काही थ्रेड इकडे, काही तिकडे, थोड्या वेळाने जागा बदललेल्या. सोळा मोकळे प्रोसेसर समोर असताना एकही थ्रेड तिकडे फिरकत नसेल, तर तिकडे जायची मनाईच असली पाहिजे. विंडोजमध्ये अशी मनाई अ‍ॅफिनिटी मास्कने घातली जाते. प्रोसेसने कोणते प्रोसेसर वापरायचे याची ती यादी असते, आणि तिच्यापुढे थ्रेड डिरेक्टरच्या संकेतांचे काही चालत नाही.

मास्क तपासायला पॉवरशेलची एक ओळ पुरते. इथे game च्या जागी प्रोसेसचे खरे नाव घालायचे:

```
Get-Process -Name game | Select-Object Name, ProcessorAffinity
```

उत्तर आले 983040. बायनरीत याचा अर्थ फक्त १६ ते १९ क्रमांकांचे बिट चालू. वीसही प्रोसेसर मोकळे असते तर आकडा 1048575 आला असता. हेच टास्क मॅनेजरच्या Details पानावर गेमच्या नावावर उजवी क्लिक करून Set affinity मध्येही दिसते. तिथे शेवटच्या चारच चौकोनांत खुणा होत्या.

पण गेमवर हा नियम कोणी लावला? त्याने ठामपणे सांगितले की गेमला हात लावलेला नाही, आणि ते खरेच होते. त्याने नियम लावला होता तो गेमच्या लाँचरला. लाँचर मागे अपडेट डाउनलोड करत बसतो, त्याचा गेमला त्रास नको, म्हणून कोअर वाटून देणाऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअरमधून त्याने लाँचरला कायमचे E-कोअरवर बसवले होते. विचार चांगला होता. अडचण अशी की विंडोजमध्ये एका प्रोसेसने दुसरी प्रोसेस सुरू केली की अ‍ॅफिनिटी मास्क वारशाने पुढे जातो. लाँचरने गेम सुरू केला आणि चार E-कोअरची यादी गेमच्या गळ्यात पडली.

प्राधान्याचेही काहीसे असेच आहे. सुरू करणारी प्रोसेस Low किंवा Below normal प्राधान्यावर असेल, तर तिने सुरू केलेली प्रोसेसही त्याच पातळीवर जन्माला येते. टास्क मॅनेजरमधला Efficiency mode प्रोसेसचे प्राधान्य खाली आणतो. त्यामुळे लाँचरवर तो चालू करून मग गेम उघडला तर गेमही खालच्या प्राधान्याने सुरू होऊ शकतो. इथे तसे नव्हते, पण मास्क तपासताना Details पानावरचा Base priority हा स्तंभही पाहून घेतला.

लाँचरचा नियम काढला, लाँचर पूर्ण बंद करून पुन्हा उघडला आणि गेम सुरू केला. नुसता नियम काढून भागत नाही, कारण चालू असलेल्या लाँचरवर जुना मास्क तसाच राहू शकतो. आता आकडा 1048575 आला आणि त्याच शहरात सेकंदाला सरासरी ६० च्या वर फ्रेम मिळू लागल्या.

दुसरी अडचण, जी पहिलीखाली दबली होती

इथे प्रकरण मिटले असे वाटले होते. तासाभराने त्याने सांगितले की आकडा छान दिसतोय, पण कॅमेरा फिरवताना दर काही क्षणांनी झटका बसतो. सरासरीत हे दिसत नाही. साठ फ्रेमच्या हिशोबाने प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. सेकंदात एखादीच फ्रेम ५० मिलिसेकंदांची झाली तर सरासरी थोडीशीच हलते, डोळ्याला मात्र तो झटका नक्की जाणवतो.

म्हणून PresentMon ने प्रत्येक फ्रेमचा वेळ फाइलमध्ये नोंदवला आणि MsBetweenPresents हा स्तंभ पाहिला. बहुतेक फ्रेम १५ ते १७ मिलिसेकंदांच्या होत्या. मधूनमधून ४५ ते ५० चे उंच सुळके होते, आणि शहरातली वाहतूक नव्याने मोजली जाते त्या सुमारास ते येत होते.

आता कोणता थ्रेड कुणासाठी थांबला होता हे पाहायला हवे होते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये अर्ध्या मिनिटाची नोंद घेतली:

```
wpr -start CPU
wpr -stop trace.etl
```

ही फाइल Windows Performance Analyzer मध्ये उघडून CPU Usage (Precise) हा आलेख घेतला. थ्रेड कधी जागा झाला, कोणत्या प्रोसेसरवर चालला आणि त्याला कोणत्या थ्रेडने जागे केले, हे त्यात दिसते. ही शेवटची माहिती सोन्यासारखी आहे. मुख्य थ्रेड थांबलेला असतो आणि त्याला जागे करणारा थ्रेड म्हणजे ज्याच्यासाठी फ्रेम खोळंबली होती तोच.

सुळक्यांच्या जागी पुन्हा पुन्हा तेच दिसले. मुख्य थ्रेड वाहतुकीचा हिशोब पूर्ण व्हायची वाट पाहत थांबलेला. इतर बहुतेक कामगार थ्रेड मोकळे झालेले. आणि मुख्य थ्रेडला जागे करणारा शेवटचा कामगार १७ किंवा १८ क्रमांकावर, म्हणजे E-कोअरवर, आपला तुकडा संपवत असलेला.

कारण इंजिनाच्या गृहीतकात होते. सुरू होताना इंजिनाने विंडोजला विचारले, प्रोसेसर किती? उत्तर आले, वीस. त्यावरून त्याने मुख्य थ्रेड धरून वीस थ्रेड तयार केले आणि सगळे कामगार सारख्याच वेगाचे आहेत असे मानले. वाहतुकीचा हिशोब थोड्याशा मोठ्या तुकड्यांत वाटला जायचा आणि एकदा घेतलेला तुकडा मध्ये तोडता येत नव्हता. P-कोअरवरचे कामगार आपापले तुकडे उरकून रिकामे व्हायचे, E-कोअरवरचा मागे राहायचा. पंगतीत शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत सगळे बसून राहतात, तशी सगळी फ्रेम त्या एका कामगारासाठी बसून राहायची.

इथे शेड्यूलरवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. विंडोज आधी आठ P-कोअरवर प्रत्येकी एक थ्रेड बसवते, मग E-कोअर भरते, आणि त्यानंतर P-कोअरच्या दुसऱ्या लॉजिकल प्रोसेसरकडे वळते. हा क्रम समंजस आहे, कारण आधीच कामात असलेल्या P-कोअरचा उरलेला वाटा घेण्यापेक्षा स्वतंत्र E-कोअर मिळणे थ्रेडसाठी सहसा बरे असते. एकूण काम लवकर संपवायचे असेल, उदाहरणार्थ व्हिडिओ एक्स्पोर्ट करायचा असेल, तर हाच क्रम हवा. गेमची गोष्ट वेगळी असते. तिथे एकूण काम किती झाले यापेक्षा शेवटचा तुकडा केव्हा संपला हे महत्त्वाचे असते. आठपेक्षा जास्त कामगार एकदम जागे झाले की नववा E-कोअरवर जाणारच. मध्येच एखादा P-कोअर मोकळा झाला तरी काही मिलिसेकंदांचा तुकडा संपण्याआधी थ्रेड तिकडे हलेल याची खात्री नसते.

कोणते पर्याय होते

सर्वांत सरळ उपाय म्हणजे बायॉसमध्ये E-कोअर बंद करणे. करून पाहिले. सुळके २७-२८ मिलिसेकंदांपर्यंत खाली आले. बाराव्या पिढीत याला आणखी एक कारण असते: E-कोअर कामात असले की कोअर आणि L3 कॅश यांना जोडणाऱ्या रिंगचा वेग कमी होतो, ते बंद केले की तो वर जातो. पण या मुलाची कमाई व्हिडिओ एक्स्पोर्टवर आहे. जो एक्स्पोर्ट १८ मिनिटांत होत होता त्याला २२ मिनिटे लागू लागली. रात्रीच्या गेमसाठी दिवसाच्या कामाला रोज हा भुर्दंड नको, म्हणून हा पर्याय बाजूला ठेवला. फक्त गेमसाठीच संगणक असता तर मी कदाचित इथेच थांबलो असतो.

स्क्रोल लॉकच्या कळीचा उपाय त्याला कोणीतरी सांगितला होता. त्याचा उगम वेगळ्या अडचणीत आहे. बारावी पिढी आली तेव्हा काही गेममधली कॉपी-संरक्षणाची यंत्रणा E-कोअरला दुसराच संगणक समजत होती आणि गेम सुरूच होत नव्हता किंवा मध्येच बंद पडत होता. त्यावर तात्पुरती सोय म्हणून अनेक मदरबोर्डच्या बायॉसमध्ये Legacy Game Compatibility Mode आला. तो चालू असला की स्क्रोल लॉक दाबून E-कोअर तात्पुरते बाजूला ठेवता येतात. ज्या गेमला ही अडचण होती त्यांचे पुढे अपडेट आले. आपल्या प्रकरणात गेम सुरू होत होता, चालतही होता. शिवाय एक्स्पोर्ट सुरू करण्याआधी कळ परत दाबायची आठवण माणसाने ठेवायची, ही व्यवस्था मला टिकाऊ वाटली नाही.

गेमचे प्राधान्य High करायचे हेही सुचवले जाते. इथे त्याने काही साधले नसते. गेमचे थ्रेड दुसऱ्या प्रोग्रामांमुळे अडत नव्हते, आपल्याच मंद भावंडासाठी अडत होते. वर आवाज आणि रेकॉर्डिंगचे थ्रेड मागे पडण्याची भीती होती.

उरले दोन पर्याय: अ‍ॅफिनिटीने गेमला P-कोअरपुरता बांधणे, आणि इंजिनाला कामगारच कमी करायला सांगणे. दोन्ही ऐकायला सारखे वाटतात. त्यांच्यात फरक किती पडतो हे पुढे दिसले.

काय केले

आधी अ‍ॅफिनिटी घेतली, कारण ती चालू गेमवर लावता येते आणि आवडली नाही तर लगेच काढता येते. ० ते १५ या क्रमांकांचा मास्क म्हणजे 65535:

```
(Get-Process -Name game).ProcessorAffinity = 65535
```

सुळके कमी झाले, ३५ मिलिसेकंदांच्या आसपास आले. पण आता ते अनियमित झाले. आधी ते ठराविक वेळी येत, आता कधीही. पुन्हा नोंद घेतल्यावर कारण दिसले. मास्क लावल्याने थ्रेडना जागा सोळा उरल्या, पण इंजिनाने सुरुवातीला तयार केलेले वीस थ्रेड तसेच होते. गेम बंद करून मास्कसकट सुरू केला तरीही तेच, कारण हे इंजिन ज्या पद्धतीने प्रोसेसर मोजते ती पद्धत मास्क पाहतच नाही; तिला यंत्रातले सगळे वीस दिसतात. सोळा जागांवर वीस थ्रेड म्हणजे कोणीतरी पाळीची वाट पाहत रांगेत उभा राहणार, आणि वाहतुकीचा शेवटचा तुकडा त्याच्याच हातात असला की झटका बसणार. भर म्हणजे मुख्य थ्रेड ज्या P-कोअरवर चालत होता त्याच कोअरचा दुसरा वाटा एखादा कामगार वापरत होता, त्यामुळे मुख्य थ्रेडही मंदावत होता.

बायॉसमधून E-कोअर बंद केल्यावर चित्र अ‍ॅफिनिटीपेक्षा चांगले का आले, त्याचे उत्तरही इथेच मिळाले. बंद केल्यावर इंजिनाला सोळाच प्रोसेसर दिसले आणि त्याने थ्रेड तेवढेच बनवले.

मग कामगारांची संख्या कमी केली. या गेमच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल होती आणि तीत कामगार थ्रेड किती असावेत हे लिहायची सोय होती. सगळ्याच गेममध्ये अशी सोय नसते. काहींत ती सुरू करतानाच्या आदेशात द्यावी लागते, काहींत मुळीच नसते. अ‍ॅफिनिटी काढून टाकली, फाइलची एक प्रत वेगळी ठेवली आणि संख्या ७ केली. हिशोब सोपा होता: मुख्य थ्रेड आणि सात कामगार मिळून आठ, आणि P-कोअरही आठ.

सुळके बरेच बसले, तरी कधीतरी २८-३० चा एखादा डोके वर काढत होता. नोंदीत या वेळी उशिरा येणारा वाहतुकीचा कामगार नव्हता, चित्र काढण्याचे आदेश ग्राफिक्स ड्रायव्हरकडे पाठवणारा रेंडर थ्रेड होता. आमच्या हिशोबात तो धरलेलाच नव्हता. मुख्य, रेंडर आणि सात कामगार मिळून नऊ जड थ्रेड होत होते, आणि नववा E-कोअरवर जाऊन बसत होता. संख्या ६ केली.

निष्पत्ती

सहा कामगारांवर सर्वांत लांब फ्रेमही २५ मिलिसेकंदांच्या आत राहिली आणि कॅमेरा फिरवतानाचे झटके जाणवेनासे झाले. सरासरी किंचित खाली आली, साठाच्या जरा अलीकडे. गेममधला वेळ सर्वांत वेगाने पळवला तर मोठ्या शहराचे दिवस आधीपेक्षा थोडे हळू सरकतात, कारण त्या वेळी E-कोअरचा हातभार खरोखर उपयोगी पडत होता. ही किंमत त्याला दाखवली आणि विचारले. तो म्हणाला, "हळू चालू दे, पण सलग चालू दे." निर्णय त्याचाच होता, सतत वेगाने वेळ पळवत खेळणाऱ्याने याच यंत्रावर कदाचित ९-१० कामगार ठेवले असते आणि ते योग्यच ठरले असते.

E-कोअर आता रिकामे बसत नाहीत. लाँचर, ब्राउझर, आवाज, रेकॉर्डिंगचे किरकोळ थ्रेड असे बरेच काही विंडोज आपणहून तिकडे पाठवते. लाँचरसाठी त्याने जो नियम लावला होता त्याची गरज मुळातच नव्हती. एक्स्पोर्टचा वेळ पुन्हा १८ मिनिटांवर आला.

वेगळे काय करता आले असते

तपासणीचा क्रम बरोबर होता, पण पहिल्या दुरुस्तीनंतर लगेच फ्रेमचे वेळ मोजले असते तर दुसरी अडचण तेव्हाच दिसली असती. सरासरी चौदावरून साठावर गेली की डोळे दिपतात. अशा वेळी निदान सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा तरी बघून उठावे.

कामगारांची संख्या ठरवण्याआधी नोंदीत जड थ्रेड किती आहेत हे मोजायला हवे होते. नोंद आमच्या हातात होतीच. तीत प्रत्येक थ्रेडने एकूण किती वेळ प्रोसेसर वापरला हे दिसते, आणि रेंडर थ्रेड वरच्या तिघांत होता. तो आधी पाहिला असता तर ७ वर न जाता थेट ६ वर गेलो असतो.

हा उपाय दुसऱ्या यंत्रावर जसाच्या तसा उचलू नये, कारण आकडे बदलतात. i5-13600K मध्येही लॉजिकल प्रोसेसर वीसच आहेत, पण P-कोअर सहा आणि E-कोअर आठ, म्हणजे ० ते ११ हे P-कोअरचे आणि १२ ते १९ हे E-कोअरचे. तिथे 65535 चा मास्क लावला तर चार E-कोअर यादीत येतील; बरोबर आकडा 4095. २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेच्या डेस्कटॉप चिपमध्ये P-कोअर एका वेळी एकच थ्रेड चालवतात, त्यामुळे तिथे पूर्ण मोजणीच वेगळी. HWiNFO सारख्या प्रोग्राममध्ये कोणता कोअर कोणत्या जातीचा हे नावासकट दिसते, ते आधी पाहावे. ऑनलाइन स्पर्धात्मक गेममध्ये आणखी एक मर्यादा आहे: फसवणूक रोखणारी यंत्रणा बऱ्याचदा बाहेरून अ‍ॅफिनिटी बदलू देत नाही, आणि तिच्याशी झटापट करणे खाते धोक्यात घालणारे ठरू शकते.

खरी दुरुस्ती गेम बनवणाऱ्यांकडे आहे. कोणता प्रोसेसर कोणत्या कार्यक्षमता-वर्गातला हे विंडोज प्रोग्रामला सांगते. GetSystemCpuSetInformation ने मिळणाऱ्या माहितीत EfficiencyClass असतो. इंजिनाने तो वाचून जड कामगार P-कोअरइतकेच ठेवले, किंवा कामाचे तुकडे इतके बारीक केले की मोकळा झालेला कामगार पुढचा तुकडा लगेच उचलेल, तर E-कोअर अडसर ठरत नाहीत. उलट त्यांचा फायदाच होतो. त्या मुलाने दोन्ही नोंदी आणि trace.etl जोडून गेमच्या निर्मात्यांना तसे लिहिले आहे. गेमचे अपडेट आले की ती टेक्स्ट फाइल मूळ रूपात परत येऊ शकते, म्हणून तिची बदललेली प्रत त्याने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे, आणि अपडेटनंतर झटके परत आले तर तो आधी तीच उघडून बघतो.